बढतीचा कप्पा

आधी माफी मागून घेतो. आमच्या घराण्यातलं आजवरचं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे आजोबांनी ग्रामपंचायतीला विहिरीतल्या गाळाबद्दल दिलेला अर्ज. तोही गुरुजींनी लिहिला होता, आजोबांचा फक्त अंगठा होता. मी स्वतः आतापर्यंत दोनच प्रकारचं लिहीत आलो: परीक्षेत 'सविस्तर उत्तरे लिहा' आणि प्राचार्यांना 'सविनय विनंती की'. अशा माणसाने आठवणी लिहायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे. पण जे झालं ते दुसऱ्या कुणी लिहिलं तर मला फार हुशार दाखवतील किंवा फार गरीब बिचारा. मी दोन्ही नव्हतो. मला इंग्रजी शब्दांचे अर्थ माहीत होते, एवढीच माझी चूक होती.

माझा ई-मेल अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी एसटी स्टँडजवळच्या दुकानात काढला गेला. फॉर्ममध्ये लाल चांदणीचा रकाना होता, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. दुकानदाराने माझं नाव, आडनाव आणि जन्मसाल जोडून एक पत्ता बनवला, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाला, "हा जपून ठेव, आता जन्मभर लागणार." आईने ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली.

वाडीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. माझ्याकडे ई-मेल आहे म्हटल्यावर तो सगळ्यांचाच झाला. वाडीत मंडपाची मोठी पातेली एका घरात असतात आणि लागतील तशी सगळे नेतात, तसंच ते होतं. शेजारची काकी मोबाइलवर साड्या मागवायची, तिथे माझा पत्ता. चुलतभाऊ गेम खेळायचा, तिथे माझा. खालच्या घरातल्या एका काकांनी पुतणीचं नाव लग्नाच्या वेबसाइटवर घातलं, तिथेही माझाच. त्यामुळे मी सतरा वर्षांचा असताना मला रोज 'तुमच्यासाठी पाच अनुरूप वर' अशी मेल यायची. मी ती काकांना त्यांच्याच मोबाइलवर वाचून दाखवायचो. ते प्रत्येक वराची उंची विचारायचे.

कॉलेजात आल्यावर बाबांनी हप्त्यावर मोबाइल घेऊन दिला आणि मेल माझ्या हातात आली. तिथे मला तीन कप्पे दिसले: प्रायमरी, सोशल, प्रमोशन्स. आता सांगताना हसू येतं, पण मी फार विचार करून अर्थ लावला होता. प्रायमरी म्हणजे सुरुवातीचं, साधं, जसं प्राथमिक शाळा. म्हणजे सर्वसामान्य माणसाचं टपाल. प्रमोशन म्हणजे बढती. बाबांच्या कारखान्यात एका मुकादमाचा सुपरवायझर झाला तेव्हा पेढे वाटले होते, 'प्रमोशन झालं' म्हणून. म्हणजे हा कप्पा नोकरदारांसाठी. मला नोकरीच नाही, तर बढती कसली? तो मी कधी उघडला नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटायचं.

आणि सोशल म्हणजे समाजकल्याण.

यात मला तिळमात्र शंका नव्हती. आमच्यासारख्या घरातल्या मुलाला शिष्यवृत्ती, वसतिगृह, पडताळणी, जे काही येतं ते समाजकल्याण खात्याकडून. त्या खात्यासाठी मेलवाल्यांनी वेगळा कप्पा ठेवलाय हे बघून मला भरून आलं होतं. मी रोज सकाळी तोंड धुतल्यावर आधी सोशल उघडायचो. तिथे खात्याचं काही नसायचं. 'अमुकने फोटो टाकला', 'तुम्ही यांना ओळखत असाल', असलंच. मला वाटायचं, सरकारी जागा रिकामी दिसली की टपऱ्या लागतात, तसं हे अतिक्रमण आहे. खात्याची मेल आली की ते हटवतील.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात प्राणिशास्त्राच्या मॅडमनी मला बोलावून एक जाहिरात दाखवली. राज्याबाहेरच्या एका समुद्र-संशोधन संस्थेत मे महिन्यात सहा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. राहणं-खाणं त्यांचं. बोटीवरून जाऊन पाण्याचे नमुने घ्यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली प्लवक मोजायचे. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे इवलेसे जीव, ज्यांच्यावर बाकीचा समुद्र जगतो. मी भाट्याच्या किनाऱ्यावर, वाळूत लहानाचा मोठा झालो, पण समुद्रात काय आहे हे मला मासळी बाजारापुरतंच ठाऊक होतं. मॅडम म्हणाल्या, अर्ज कर. मी म्हटलं, मला घेतील का? त्या म्हणाल्या, न घेण्याचं काम त्यांचं आहे, तू कशाला करतोस.

मी अर्ज केला. वर्गातल्या एका मुलीनेही केला. तिच्या घरची आंब्याची बाग आहे, आणि ती कुणालाही काहीही विचारू शकते. तिने तर फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी की निळी हे विचारायला संस्थेला मेलच टाकली. त्यांचं उत्तरही आलं. मला हे धाडस वाटलं. मी फोटो अर्धा पांढरा अर्धा निळा होईल का याचा विचार करत होतो.

घरी मात्र दुसरी गोष्ट चालली होती. बाबा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कॅनिंगच्या कारखान्यात आहेत, जिथे आंब्याचा रस काढून डब्यात भरतात. एप्रिल-मेमध्ये तिथे जादा माणसं लागतात. बाबांनी सुपरवायझरला माझ्यासाठी शब्द टाकला होता. त्याला एका सोमवारपर्यंत हो-नाही सांगायचं होतं. बाबा मला म्हणाले, "तुझ्या समुद्राचं काय ते आलं तर जा. नाय आलं तर माझ्याबरोबर चल. मधल्यामधी माझं तोंड खाली घालू नको."

एवढाच प्रश्न होता. मेल आली तर समुद्र, नाही आली तर रस.

परीक्षा संपल्या. मी रोज प्रायमरी बघायचो, मग खात्यासाठी सोशल बघायचो. एकदा मॅडमनी स्पॅम बघायला सांगितलं. मी स्पॅम शोधून काढलं. तिथे परदेशातली एक विधवा मला तिची इस्टेट द्यायला तयार होती, पण संस्थेचं काही नव्हतं. मॅडमना तसं सांगितलं. त्यांना वाटलं, मुलाने सगळं बघितलं. मलाही तेच वाटलं.

मग एका दुपारी त्या मुलीचा फोन आला. तिला नकार आला होता. सभ्य भाषेत, तीन ओळींत. तिने विचारलं, तुला काय आलं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, अरे काहीतरी येणारच. मी म्हटलं, काही नाही म्हणजे काही नाही.

मी बसून विचार केला. ज्यांना घ्यायचं नाही त्यांनाही त्यांनी कळवलं. म्हणजे मी नकार कळवण्याच्याही लायकीचा नव्हतो. त्या रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं की सोमवारपासून येतो. आईने न विचारता माझ्या ताटात अजून भात वाढला, आमच्याकडे सांत्वन असंच करतात.

आता काकीकडे येतो. ती त्या आठवड्यात चिडलेली होती, कारण तिला आलेली साडी फोटोत मोरपंखी आणि हातात शेवाळी होती. ती परत करायची होती. परतीचा नंबर मेलवर येणार होता. गुरुवारी सकाळी ती साडी हातात घेऊनच आमच्या पडवीत आली.

मी मोबाइल बघितला आणि म्हटलं, काकी, काही आलेलं नाही.

"प्रमोशनमध्ये बघ ना, मेल्या."

मी तिला समजावलं की तो कप्पा नोकरीवाल्यांचा आहे. बढतीचा.

काकीने साडी खांद्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाली, "तू बीएस्सीला हाईस ना रे?"

मग तिनेच माझा अंगठा धरून तो कप्पा उघडला. मी सातवी नापास काकीकडून ई-मेल शिकलो, हे मी लपवत नाही. आत शेकडो मेल होत्या. साड्या, चपला, बिर्याणी, फक्त आज, फक्त उद्या, शेवटची संधी, शेवटची संधी वाढवली. काकी एकेक ओळखत होती, जत्रेत ओळखीची माणसं भेटावीत तशी. तिचा नंबर सापडला. मग मी सहज अजून खाली गेलो, तर एका ओळीवर लिहिलं होतं: 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे.'

"ते उघडू नको," काकी म्हणाली. "सगळे फसवे असतात. माझी दर आठवड्याला होते निवड."

मी खाली सरकलो. खरंच सरकलो. आणखी दोन अभिनंदनं आणि एक चपलांचा सेल गेल्यावर पाठवणाऱ्याचं तेच नाव पुन्हा दिसलं. ते संस्थेचं होतं. वरचं होतं ते स्मरणपत्र, ही पहिली मेल; मी ती उघडली. वर निळ्या लाटांचं मोठं चित्र, मधे माझं नाव, खाली हिरवं बटण: 'जागा निश्चित करा'. पहिली मेल नऊ दिवसांपूर्वीची होती. बटण दाबायची मुदत आदल्या दिवशी पाच वाजता संपली होती.

मी तरी दाबलं. 'ही लिंक आता उपलब्ध नाही' असं आलं. काकीने विचारलं, काय झालं रे? मी सांगितलं. ती खाली बसली, आणि शेवाळी साडीबद्दल त्या दिवशी पुन्हा बोलली नाही.

मी सायकल काढली आणि कॉलेजात गेलो. मॅडम नव्हत्या. ती वर्गमैत्रीण ग्रंथालयात पुस्तकं परत करायला आली होती. मी तिला सगळं सांगितलं, समाजकल्याणासकट. ती इतकी हसली की ग्रंथपालांनी आम्हाला बाहेर काढलं. जिन्यावर बसून तिने माझा मोबाइल हातात घेतला आणि डॉक्टरसारखी तपासणी केली.

ती म्हणाली, मेल कुठे टाकायची हे कुणी माणूस ठरवत नाही, प्रोग्रॅम ठरवतो. पाठवणारा कोण, मजकूर कशा पद्धतीचा आहे, आणि तसल्या मेलशी लोक कसं वागतात, असं बरंच काही तो बघतो. नक्की काय काय बघतो ते बाहेर कुणाला पूर्ण माहीत नाही. तिने मेलच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात 'या मेल नको असल्यास इथे दाबा' अशी ओळ होती. संस्थेने सगळ्यांना एकदम मेल पाठवायला जी सेवा वापरली, तीच दुकानदारही वापरतात. वर चित्र, मधे बटण, चार लिंका, तळाशी ती ओळ. दिसायला साडीच्या सेलसारखीच. प्रोग्रॅमने ती साड्यांत ठेवली.

"मग तुझी कशी बरोबर आली?" मी विचारलं.

"मी फोटोचं विचारलं होतं ना. त्यांचं उत्तर आलं, मी परत थँक्यू लिहिलं. ओळख झाली. बहुतेक म्हणून. तुझी त्यांच्याशी ओळखच नाही."

म्हणजे तिचा नकार पुढच्या दाराने आला, माझा होकार मागच्या दाराला उभा. लाजण्याचे फायदे असतात असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं. त्यातला हा एक.

तिने आणखी सांगितलं की मेल हरवलेली नव्हतीच. तो कप्पाही इनबॉक्सचाच भाग आहे, स्पॅम नव्हे. फक्त तिथे मेल आली की मोबाइल वाजत नाही, सेटिंग बदलल्याशिवाय. वरच्या शोधाच्या पट्टीत संस्थेचं नाव टाकलं असतं तरी सापडली असती, कारण शोध सगळ्या कप्प्यांत होतो. पण जे आलंच नाही असं वाटतं ते माणूस शोधेल कशाला?

जाता जाता तिने सोशलही उघडलं, केवळ मजा म्हणून. माझ्या सरकारी जागेतल्या टपऱ्यांमध्ये एक होती: 'तुम्हाला एक संदेश आला आहे.' नोकरीच्या ओळखी जोडणाऱ्या साइटवर आमच्याच कॉलेजच्या, आदल्या वर्षी तिथे गेलेल्या एका मुलाने मला लिहिलं होतं: 'यादीत तुझं नाव बघितलं. बटण लवकर दाब.' पाच दिवसांपूर्वीचं. मी ती मेल पाहिली होती. खात्याची नाही म्हणून सोडून दिली होती.

तिने मग संस्थेची मेल उचलून प्रायमरीत हलवली, 'या पत्त्यावरून येणाऱ्या पुढच्या मेलही इथेच' ला हो म्हटलं, आणि पत्ता माझ्या संपर्कांत जोडला. म्हणाली, हे झालं पुढचं. आता मागचं कर. फोन कर.

फोन करायला मला अर्धा तास लागला. आधी मी वहीत लिहून काढलं काय बोलायचं. 'सविनय' खोडलं. मग लावला. पलीकडे ऑफिसातले एक गृहस्थ होते, मराठी बोलणारे, हे माझं नशीब. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, मेल पाठवली होती, स्मरणपत्र पाठवलं होतं, तुम्ही उत्तर दिलं नाही.

"हो सर. पण ती बढतीत गेली."

"कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. मधे ते फोन बाजूला धरून कुणाशी तरी बोलले, आणि मला पलीकडून हसणं ऐकू आलं, एकापेक्षा जास्त माणसांचं. मला राग आला नाही. मीही त्यांच्या जागी हसलो असतो. मग ते परत आले आणि जरा मऊ आवाजात म्हणाले की माझी जागा काल संध्याकाळीच प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या उमेदवाराला दिली गेली. त्याला सोमवारी बारापर्यंत वेळ आहे. त्याने नाही म्हटलं किंवा उत्तरच दिलं नाही, तर बघू. आत्ता काही सांगता येत नाही.

"त्यांना कसं कळवलंत सर?" मी विचारलं.

"मेलने," ते म्हणाले. "तुम्हाला पाठवली तशीच."

यानंतर माझ्या मनात जे आलं ते लिहायला मी सगळ्यात जास्त कचरतोय. आमच्या घरात नवस बोलत नाहीत. बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांनंतर तो मार्ग बंद आहे. त्यामुळे मी कुणाला नारळ कबूल केला नाही. नुसतीच इच्छा केली: की त्या उमेदवारालाही प्रमोशन म्हणजे बढतीच वाटावी. की त्याच्या गावात काकी नसावी. मी ज्या खड्ड्यात पडलो त्याच खड्ड्यात दुसरा पडावा म्हणून मी चार दिवस बसून होतो. पंचशील मी दर पौर्णिमेला म्हणतो, त्यात हे कुठे बसतं ते मी तेव्हा तपासलं नाही.

बाबांना सगळं सांगावंच लागलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मशीन मेल कशी लावते हे सांगताना मी अडखळलो, तर त्यांनीच पुरं केलं.

"म्हणजे आमच्यासारखंच. बागेत आंबा बघतात तो सालीवरून. साल चांगली तो पेटीत. डाग दिसला की कॅनिंगला. चव काय कोण बघत नाय, वेळ कुठाय?" मग म्हणाले, "पण त्या डागीला काय वाईट रस नसतो. मी रोज बघतो."

मी म्हटलं, सोमवारी काय करू? ते म्हणाले, सुपरवायझरला हो सांगितलंय. चल. मेल आली तर तिथून जा, मी त्याला सांगेन. तोंडाचं काय, धुतलं की होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता मी मिरजोळ्याला कारखान्यात उभा होतो. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे, समोर पाण्याच्या हौदातून वर येणारे आंबे. कुजका दिसला की बाजूला काढायचा, एवढंच काम. पहिल्या तासात मी तीन चांगले काढले आणि दोन कुजके सोडले. शेजारच्या बाईंनी ते झटकन उचलले आणि विचारलं, कुणाचा रे तू? मी बाबांकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, मग शिकशील.

आत मोबाइल न्यायची परवानगी नव्हती. तो बाहेर पिशव्यांच्या खुंट्यांवर, बाबांच्या डब्याच्या पिशवीत होता. बारा वाजून गेले. साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली. मी मोजे काढले, पण पिशवीजवळ जायला धजावलो नाही. बाबाच गेले. त्यांनी मोबाइल आणून मला दिला. हाताला रस लागलेला, त्यामुळे पडदा दोनदा उघडला नाही. मी तो शर्टाला पुसला.

मेल प्रायमरीत होती, बारा वाजून दहा मिनिटांनी आलेली. वर चित्र नव्हतं, बटण नव्हतं, तळाशी कुठलीही बारीक ओळ नव्हती. त्या गृहस्थांनी स्वतः टाइप केलेल्या तीन ओळी होत्या. मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवल्या:

"आपल्या जागी निवडलेल्या उमेदवाराकडून मुदतीत उत्तर आलेलं नाही. जागा आपल्याला देत आहोत. येत असल्यास आज पाचच्या आत याच मेलला 'हो' एवढं लिहून पाठवा."